योगवर्गाचे कपडे उभं राहून नाही, वाकून निवडा

सकाळी सहाच्या वर्गात कोणी नवीन आलं, की पहिल्या पंधरा मिनिटांत मला तिच्या आसनांबद्दल फारसं कळत नाही, कपड्यांबद्दल मात्र सगळं कळतं. हात वर केले की टॉप पोटावरून वर सरकतो, ती एक हात खाली आणून तो ओढते. पुढे वाकली की मागे हात जातो, लेगिंग वर घ्यायला. अधोमुख श्वानासनात कुर्ता थेट तोंडावर. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा हे मी सांगत असते आणि तिचं सगळं लक्ष कापडाकडे. यात तिचा काही दोष नाही. दुकानात आपण कपडे आरशासमोर ताठ उभं राहून बघतो आणि वर्गात एक तास त्याच कपड्यांत वाकतो, बसतो, उलटे होतो.

गेल्या वर्षी माझी वहिनी योग सुरू करायचं म्हणाली. वय अठ्ठेचाळीस, आयुष्यभर साडी आणि पंजाबी ड्रेस. तिच्या अटी दोनच होत्या. "वन्सं, मागून झाकलेलं पाहिजे आणि सारखा हात लावायला लागता कामा नये." तिने आधीच तीन लेगिंग आणून ठेवल्या होत्या. त्या पलंगावर पसरून आम्ही दोघी बसलो. त्या दुपारी जे केलं तेच इथे क्रमाने सांगते, कारण तिन्ही लेगिंग तीन वेगळ्या कारणांनी नापास होण्यासारख्या होत्या.

आधी लेबल, मग कापड हातात

पहिली लेगिंग रोजच्या कुर्तीखाली घालतो ती, चुडीदार छापाची. लेबलवर ९५ टक्के कॉटन, ५ टक्के स्पॅन्डेक्स. दुसरी चकचकीत, फुलाफुलांची, पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्स. तिसरी काळी, मॅट, ७५ टक्के नायलॉन आणि २५ टक्के स्पॅन्डेक्स. स्पॅन्डेक्स, इलास्टेन आणि लायक्रा ही एकाच धाग्याची नावं आहेत. लायक्रा हे त्यातलं एका ब्रँडचं नाव, म्हणून लेबलवर लायक्रा लिहिलेलं नसेल तर काही बिघडत नाही. हा धागा ताणतो आणि परत येतो. बाकीचं कापड घाम कसा सोसेल ते ठरवतं.

सुती कापड घाम पितं. हवेतली ओलसुद्धा कापूस बरीच शोषतो, पॉलिएस्टर जवळजवळ नाहीच, नायलॉन दोघांच्या मधे. म्हणून पंख्याखाली शांतपणे होणाऱ्या तासाला सुती कापड अंगाला बरं वाटतं, पण डोंबिवली-ठाण्याच्या मे महिन्यात अर्ध्या तासात ते जड होतं, गुडघ्यावर फुगे येतात आणि वजनाने खाली उतरायला लागतं. पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. घाम कमी येत असेल आणि वर्ग संथ असेल तर सुती घ्या, जास्त येत असेल तर नायलॉन. व्हिस्कोस मात्र मी कोणाला सुचवत नाही. हाताला रेशमासारखं लागतं, पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते आणि ते लोंबतं.

दुसरी गोष्ट विणीची. बनियनच्या कापडासारखी एकेरी वीण असेल तर ताणल्यावर फटी पडतात. इंटरलॉक म्हणून दुहेरी वीण येते, तिच्यात दोन थर एकमेकांत अडकलेले असतात. ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, जाड लागते आणि ताणली तरी झाकते. ओळख सोपी आहे. कापडाची सुटी कड कुठे दिसत असेल तर बघा. एकेरी वीण कडेला गुंडाळते, इंटरलॉक सपाट राहतं. काही कंपन्या जीएसएम लिहितात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. नुसत्या लेगिंगवर वर्ग करायचा असेल तर माझ्या अनुभवात २२० ते २८० मधलं बरं पडतं. १८० च्या आसपासचं कापड कुर्तीखाली चालतं, एकट्याने नाही. पण हा आकडा एकटा पुरा पडत नाही. जाड पण सैल विणलेलं कापडही आरपार दिसतं, म्हणून पुढची परीक्षा करायचीच.

आरपार दिसतं का

लेगिंगच्या आत हात घाला, बसण्याच्या भागात पंजा पसरा आणि कापड ताणा. मग मोबाइलचा टॉर्च त्याच्या आतून लावा. उजेडाचा धुरकट डाग दिसला तर चालेल. बोटांच्या रेषा आणि नखं दिसली तर ती लेगिंग लांब टॉपखालीच घालायची. वहिनीच्या चुडीदार लेगिंगमध्ये तिची अंगठी स्पष्ट दिसली.

फुलांच्या लेगिंगचा घोटाळा वेगळाच निघाला. ती उलटी करून बघितली तर आतून पांढरीशुभ्र. म्हणजे पांढऱ्या कापडावर वरून छपाई केलेली. असं कापड ताणलं की धागे फाकतात आणि मधून पांढरं डोकावतं. उभं असताना गडद जांभळी दिसणारी लेगिंग मांडीवर आणि मागे फिकी, करडी पडते. आतूनही रंग असेल, म्हणजे धागाच रंगवलेला असेल, तर हा त्रास नाही. छापील लेगिंग घेताना एवढं एकदा आतून बघाच, दुकानदार ते आपणहून सांगत नाही.

ताणून सोडा

आता टेप घ्या. मांडीच्या भागात चार इंचांवर दोन टाचण्या लावा, कापड सहा इंचांपर्यंत ताणा, अर्धा मिनिट तसंच धरा आणि सोडा. मिनिटभराने परत मोजा. काळी लेगिंग चार इंचांवर परत आली, जेमतेम एखाद्या दोऱ्याचा फरक. चुडीदार साडेचारवर थांबली. तो अर्धा इंच म्हणजे पंधरा दिवसांनी गुडघ्यावर दिसणारा फुगा. दुकानात टाचण्या लावू देत नाहीत, तिथे चार बोटांची रुंदी धरून ताणा आणि सोडल्यावर कापडावर लाट राहते का बघा. शिवणही ताणा, विशेषतः दोन पायांमधली. आतून धागा टकटक तुटल्याचा आवाज आला तर ती शिवण पहिल्या मालासनात सुटणार.

दोन पायांच्या मधे चारही शिवणी एका बिंदूवर येत असतील तर तिथे ताण पडतो आणि काचतंही. चांगल्या लेगिंगमध्ये तिथे एक छोटा चौकोनी किंवा तिकोनी तुकडा जोडलेला असतो. सलवारीला शिंपी घालतात तसाच, त्याला ते मियानी म्हणतात. हा तुकडा असेल तर पाय फाकवताना कापडाला जागा मिळते.

लेगिंग खाली का सरकते

इथे जरा थांबते, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. लेगिंग मागून खाली आली की वाटतं कंबर सैल आहे, मग लहान साइज घेतली जाते आणि ती आणखी सरकते. वहिनीच्या काळ्या लेगिंगचं तेच झालं होतं. कापड उत्तम, झाकतं उत्तम, पण पश्चिमोत्तानासनात बसली की मागे दोन बोटं खाली.

आम्ही मोजलं. तिची कंबर ३४, सीट ४२. बेंबीजवळून टेप लावून दोन पायांमधून मागे कमरेपर्यंत नेला तर २९ इंच भरले. लेगिंग सपाट ठेवून तीच वाट मोजली, पुढची शिवण आणि मागची शिवण मिळून, तर २४. पाच इंचांची तूट कापड ताणून भरून काढत होतं. उभं असताना ते जमतं. पण वाकल्यावर पाठीचा खालचा भाग आणि बसण्याचा भाग मिळून आणखी लांब होतो. टेप कमरेला धरून मांडीच्या वळीपर्यंत आधी उभं राहून मोजा, मग वाकून मोजा. वहिनीला दोन इंचांहून जास्त फरक मिळाला. ते दोन इंच कुठून तरी यायला हवेत, तर कापड वरचा पट्टाच खाली ओढतं. कंबर कितीही घट्ट केली तरी ही ओढ थांबत नाही. ती उंच कमरेची, पुढून-मागून मिळून साडेसव्वीस इंचांची लेगिंग घेतली तेव्हा थांबली. कंबर तीच, ३४.

म्हणून आधी सरकण्याचा प्रकार ओळखा. फक्त वाकल्यावर आणि फक्त मागून उतरते, तर लेगिंगचा बसण्याचा भाग आखूड आहे. चालताना, उड्या मारताना सगळीकडून उतरते, तर कंबर सैल आहे. पट्टा खाली न येता गुंडाळतो आणि पोटाखाली दोरीसारखा होतो, तर पट्टा अरुंद आहे किंवा साइज लहान आहे. तीन ते चार इंच रुंद, दुहेरी कापडाचा पट्टा घ्या. आत बारीक नाडी असेल तर उत्तम, पण गाठ समोर जाड नको. भुजंगासनात पोटावर झोपल्यावर ती रुतते.

ज्यांना घट्ट लेगिंग घालायचीच नाही त्यांच्यासाठी सैल सुती पँट आहे, पण तिची मोहरी बघा. उघड्या मोहरीची पँट सर्वांगासनात मांडीपर्यंत घसरते. घोट्याला इलॅस्टिक किंवा रिब असलेली घ्या आणि लांबी घोट्याच्या हाडावर संपू द्या. टाचेखाली कापड आलं की पाय मॅटवर नाही, कापडावर टेकतो आणि सरकतो. आपल्या आज्या नऊवारीचा कासोटा घालून विहिरीत पोहायला उतरत, त्यातही दोन पायांमधे भरपूर कापड आणि मागे घट्ट खोवलेलं टोक हीच युक्ती होती.

टॉप: लांबीपेक्षा मुंढा बघा

झाकलेलं हवं म्हणून बहुतेक जणी गुडघ्यापर्यंतची कुर्ती घालून येतात. ती उभ्या आसनांत झाकते आणि नेमकी गरज असते तेव्हा, डोकं खाली गेल्यावर, दगा देते. वर बाजूच्या चिरांमधून पाय अडकतो तो वेगळाच. बसण्याचा भाग पूर्ण झाकून चार बोटं खाली येईल एवढीच लांबी पुरते. वहिनीची उंची पाच फूट दोन इंच, तिला २७ इंची टॉप बरोबर झाला.

मापायचं असं. टॉप घालून आरशासमोर बाजूने उभं राहा, दोन्ही हात पूर्ण वर न्या आणि खालची कड किती चढली ते बघा. दीड-दोन इंच ठीक. चार इंच चढली तर टॉप आखूड नाही, त्याचा मुंढा खोल आहे. वाटतं उलटंच, की सैल मुंढा म्हणजे हात मोकळा. पण मुंढ्याची शिवण काखेपासून जितकी खाली, तितका हात वर नेताना तो अख्खा टॉप घेऊन वर जातो. काखेजवळ बसणारा मुंढा, किंवा गळ्यापासून तिरकी शिवण असलेली बाही, यात हात एकटा वर जातो. बाही नको असेल तर काखेतून आतलं दिसतं का तेही याच वेळी हात वर ठेवून बघा.

मग आरशाकडे तोंड करून कमरेतून वाका आणि मान वर करून गळा बघा. आतलं दिसत असेल तर गळा एक-दीड इंच वर हवा.

उलट्या आसनांत टॉप घसरू नये म्हणून आमच्या वर्गातल्या जुन्या बायकांचा उपाय मला सगळ्यांत आवडतो. आत एक लांब स्पॅगेटी घालायची आणि ती लेगिंगच्या पट्ट्यात खोवायची. वरचा टॉप गळ्यापर्यंत आला तरी पोट-पाठ झाकलेली. वहिनीने त्यावर आणखी एक केलं. टॉपच्या खालच्या दुमडीतून एक चपटी नाडी ओवून घेतली. वर्ग सुरू होताना ती ओढून बाजूला बांधते, संपला की सोडते. शिंप्याने दहा मिनिटांत करून दिलं.

आधार

स्पोर्ट्स ब्राचा आधार खांद्यावरच्या पट्ट्यांत नसतो, छातीखालच्या पट्ट्यात असतो. नेहमीच्या ब्रापेक्षा तो थोडा घट्टच हवा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत, मूठ नाही. घालून हात वर करा. पट्टा जागचा हलला तर सैल आहे. मागून बघा, तो पाठीवर वर चढून कमानीसारखा झाला तरी सैलच. श्वास पूर्ण घेता येत नाही किंवा काढल्यावर बराच वेळ खोल वळ राहतात, तर घट्ट. प्राणायाम करायचा असेल तर श्वासाची ही परीक्षा आधी करा.

योगासाठी मध्यम आधार पुरतो. तिथे उड्या कमी, पण डोकं खाली जातं, म्हणून पुढचा गळा उंच असलेली ब्रा घ्या, नाहीतर सगळं मानेकडे सरकतं. झुंबा किंवा ट्रेडमिलसाठी वेगळी लागते. छाती भरलेली असेल तर नुसतं दाबून धरणारी नको, दोन्ही बाजूंना वेगळे कप शिवलेली बघा. ट्रायल रूममध्ये वीस उड्या मारा. लाजू नका, पडद्यामागे कोणी बघत नसतं.

पुरुषांचं एका परिच्छेदात होतं. बर्मुडा घालून हलासन करणाऱ्यांमुळे मागच्या रांगेची पंचाईत होते. आत अस्तर असलेली किंवा खाली मांडीपर्यंतची घट्ट शॉर्ट असलेली चड्डी घाला. प्रश्न मिटला.

सरकणं: कापडाचं कापडावर

मॅट चांगली घेतली तरी पाय सरकतो अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी लेगिंगला हात लावते. वृक्षासनात एका पायाचा तळवा दुसऱ्या मांडीच्या आत टेकवायचा असतो. चकचकीत पॉलिएस्टरवर तो दर श्वासाला थोडा खाली येतो. फुलांच्या लेगिंगमध्ये वहिनीचा पाय दहा सेकंदही टिकला नाही. काळ्या लेगिंगमध्ये टिकला आणि सुतीमध्ये सगळ्यांत छान. परीक्षा दुकानातही होते. कापडाचे दोन थर एकमेकांवर ठेवून अंगठ्याने घासा. बर्फासारखे सरकले तर कापड गुळगुळीत आहे, किंचित अडले तर घ्या.

मोजे घालून वर्गाला येऊ नका. पाय गार पडतात किंवा भेगा आहेत म्हणून घालायचेच असतील तर तळव्याला रबराचे ठिपके असलेले घ्या आणि ठिपके टाचेपासून बोटांपर्यंत हवेत, फक्त मधोमध नाही.

जिममध्ये हाच नियम पाठीला लागतो. खांद्यावर बार ठेवून बैठका मारायच्या असतील तर गुळगुळीत पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर बार घसरतो, तिथे साधा सुती टी-शर्ट चांगला. ओढणी, सैल नाडी, रुंद मोहरी यांना मात्र ट्रेडमिल, सायकल आणि केबलच्या मशिनजवळ जागा नाही. डोकं झाकायचं असेल तर टाचण्यांशिवाय बसणारं, ताणणाऱ्या कापडाचं शिवलेलं घ्या.

पाच मिनिटं ट्रायल रूममध्ये

सगळं एकत्र घालून हा क्रम करा. हात वर. कमरेतून वाकून बोटं जमिनीकडे. मालासनात पूर्ण खाली बसून वीस आकडे मोजा आणि मागून आरशात बघा, शक्यतो दुकानातल्या उजेडाच्या बाजूला. एक पाय उचलून मांडीला लावा. शेवटी जागच्या जागी उड्या. या पाचांत एकदाही हात कापडाला लावावा लागला नाही, तर घ्या. दोनदा लावावा लागला तर रंग कितीही आवडलेला असो, ठेवून द्या. ऑनलाइन मागवलं असेल तर लेबल न काढता हेच घरी करा आणि परत करायची मुदत आधी वाचा.

धुताना

स्पॅन्डेक्स उष्णतेने आणि ब्लीचने मरतो. गार पाणी, उलटं करून, सावलीत. कपडे मऊ करणारं कंडिशनर टाकू नका, त्याचा थर बसून घाम शोषणं कमी होतं. इस्त्री तर नाहीच. पावसाळ्यात एक गोष्ट पाळा. वर्ग संपल्यावर घामाची लेगिंग तशीच घालून भाजी घेत घरी जाऊ नका. ओल्या घट्ट कापडात जांघेत नायटा लवकर धरतो. दोन जोड ठेवा, म्हणजे पूर्ण वाळलेलाच घालता येतो. कमरेचा पट्टा सगळ्यांत शेवटी वाळतो, तो चिमटीत धरून बघा.

वहिनीने चुडीदार लेगिंग परत कुर्तीखाली घालायला ठेवली, फुलांची भाचीला दिली. काळी लहान साइजची बदलून उंच कमरेची आणली, वर सव्वाशे रुपये द्यावे लागले. आता ती तिसऱ्या रांगेत असते. परवा सर्वांगासनात पाय वर असताना तिथूनच विचारलं, "वन्सं, आणखी किती वेळ?"